मधले दहा रुपये

पहिल्या वर्षी सातवीला ‘आपला बाजार’ हा प्रकल्प मीच ठरवून दिला. सगळ्यांच्या वह्यांत स्टेशनरीच्या दुकानातली तीच छापील चित्रं आली. मी मार्क दिले, पण मनातून खजील झाले.

विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीच्या चार पायऱ्या सांगितल्या: हेतू, नियोजन, कृती, मूल्यमापन. हेतू मुलांचा असावा लागतो. मी पहिलीच पायरी गाळली होती.

पुढच्या वर्षी एका मुलीने विचारलं, “बाई, व्यापारी आईकडून मेथीची जुडी पाचला नेतो, बाजारात पंधराला विकतो. मधले दहा कुणाचे?”

मी उत्तर दिलं नाही. मुलांनी प्रश्न काढले, गट पाडले, आठवडी बाजारात जाऊन व्यापाऱ्याशी बोलली. परत येऊन फळ्यावर लिहिलं: नफा दहा रुपये.

मूल्यमापनाच्या दिवशी एकजण म्हणाला, “न विकलेल्या जुड्यांचं काय?” ते कुणी विचारलंच नव्हतं. नियोजन कच्चं होतं. मुलं पुन्हा गेली.

शंभर जुड्यांचे ५०० रुपये, टेम्पो आणि जागेचे २५०. वीस जुड्या सुकल्या. ऐंशीचे १२०० आले. उरले ४५०, म्हणजे जुडीमागे साडेचार.

ती मुलगी फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाई, आईच्या पाचातून बियाणं, खत, मजुरी कुठे वजा केलीय?”