पैसे कुणाचे, जागा कुणाची

डहाणू रोडला स्टेशनजवळ आमचं मिसळ-थालीपीठाचं हॉटेल चांगलं चालत होतं. मसाला झरी गावातल्या आमच्या घरी भाजून, कुटून, पाकिटं भरून यायचा. दुसरी शाखा काढायची ठरली तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारला: पैसे माझे घालायचे की दुसऱ्याचे? प्रश्न वाईट नव्हता, पण अपुरा होता. त्याची किंमत मी दोनदा मोजली, एकदा स्वतःच्या शाखेत आणि एकदा फ्रँचायझीत.

पहिला खड्डा जमिनीचा. तलासरीकडे हायवेलगत एक जागा दिसली. ट्रक थांबतात, गुजरातच्या गाड्या थांबतात, पार्किंगला भरपूर मोकळीक. मधला माणूस म्हणाला, अकरा महिन्यांचा कागद करू, दरवर्षी पुढे चालू. मी बयाणा दिला, भट्टी आणि चिमणीची ऑर्डरही देऊन टाकली. सातबारा मागितला तो त्यानंतर. जमीन आदिवासी खातेदाराची निघाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे अशी जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यानेसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही, आणि त्याहून मोठ्या व्यवहाराला शासनाची मान्यता लागते. परवानगी नसलेला व्यवहार उलटवून जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. हा कायदा इथल्या जमिनी कशा हातांतून गेल्या ते पाहूनच झालेला आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार करायची मला सोय नाही. या भागात वाढलेल्या माणसाने सातबाऱ्यातला इतर हक्कांचा रकाना वाचायच्या आधी भट्टीची ऑर्डर द्यावी, तक्रार याची आहे. बयाणा बुडाला. भट्टी दुसऱ्याच शाखेत गेली.

ती शाखा मी पालघरच्या बाजूला, कागद नीट असलेल्या गाळ्यात स्वतःच्या पैशांनी काढली. डिपॉझिट, फर्निचर, स्वयंपाकघर धरून ३६ लाख. मी गृहीत धरला होता महिन्याला ९ लाखांचा धंदा. प्रत्यक्षात झाला ६ लाखांचा. कच्चा माल विक्रीच्या ३४ टक्के. बाकीचं सगळं जवळजवळ ठरलेलं: पगार १ लाख ३० हजार, भाडं ७५ हजार, गॅस-वीज ६० हजार, किरकोळ ५० हजार, म्हणजे ३ लाख १५ हजार. ९ लाखांवर महिन्याला २ लाख ७९ हजार उरले असते आणि तेराएक महिन्यांत पैसे सुटले असते. ६ लाखांवर ८१ हजारच उरतात आणि पैसे सुटायला पावणेचार वर्षं लागतात. पावसाळ्यात विक्री साडेचार लाखांवर आली की घरातून पैसे घालावे लागतात, कारण बरोबरी पावणेपाच लाखांच्या जरा वर होते. विक्री एकतृतीयांशाने कमी झाली तर नफा सत्तर टक्क्यांनी गेला. स्वतःच्या शाखेचा धोका म्हणतात तो हाच. पण तिथे गल्ला माझा होता, आचारी माझा होता, आणि काय बिघडलंय ते रोज रात्री कळत होतं.

या अनुभवाने घाबरून मी दुसऱ्या टोकाला गेलो. पुढची शाखा उंबरगावला, फ्रँचायझीने. ३६ लाख फ्रँचायझी घेणाऱ्याचे, ४ लाख माझी फी, विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी आणि मसाला माझ्याकडूनच घ्यायचा. करार पाच वर्षांचा. मला एक रुपया घालायचा नव्हता. सही करताना मी खूश होतो, आणि तोही होता.

वर्षभराने मसाल्याचा हिशेब लागेना. एका किलोत आमच्या मिसळीच्या ८० प्लेट होतात. तो महिन्याला ३० किलो उचलत होता, म्हणजे २४०० प्लेट. बिलांत मात्र १५०० च्या आसपास. थोडी नासाडी, थोडा हात सैल धरला तरी एवढा फरक पडत नाही. रॉयल्टी वाचवायला तो रोखीची बिलं फाडतच नव्हता. मी दम दिला. पुढच्या महिन्यापासून बिलं वाढली आणि मसाल्याची मागणी निम्मी झाली. म्हणजे आता मसालाच बाहेरचा येत होता. पाकिटं जास्त आणि बिलं कमी असतील तर विक्री लपते; बिलं जास्त आणि पाकिटं कमी असतील तर चव बदललेली असते. दोन्ही मला घरबसल्या दिसत होतं. थांबवता मात्र येत नव्हतं.

शेवटी समोरासमोर बसलो. तो म्हणाला, "शेठ, चोर म्हणा हवं तर. पण माझे पैसे कधी सुटणार ते एकदा मांडून दाखवा." मी मांडलं. त्याचाही धंदा ६ लाखांचाच, खर्च माझ्या पालघरसारखेच. उरतात ८१ हजार. त्यातून ५ टक्के रॉयल्टीचे ३० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५४००. रेस्टॉरंट ५ टक्के कर लावतं तेव्हा त्याला इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे हे ५४०० त्याच्या खिशातूनच जातात. हातात ४५ हजार ६००. घातलेले पैसे फी आणि फीवरचा कर धरून ४० लाख ७२ हजार. म्हणजे जवळजवळ साडेसात वर्षं. आणि करार पाच वर्षांचा.

प्रामाणिक राहिला असता तर तो बुडलाच असता. हे गणित सही करण्यापूर्वी अर्ध्या तासाचं होतं. ते मी केलं नाही, कारण पैसे माझे नव्हते. स्वतःच्या शाखेसाठी एकेक खुर्ची मोजणारा मी, दुसऱ्याच्या ३६ लाखांकडे भांडवल नाही तर फुकट शाखा म्हणून बघत होतो.

तो करारातून बाहेर पडला तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. गाळ्याचा भाडेकरार त्याच्या नावावर होता. माझा बोर्ड उतरला, त्याचा चढला; आचारी तोच, गिऱ्हाईक तेच. मॅकडोनाल्ड्सने १९५६ साली हॅरी सॉनबॉर्नच्या सल्ल्यावरून वेगळी कंपनी काढली ती यासाठीही: जागा कंपनीने घ्यायची आणि फ्रँचायझीवाल्याला पोटभाड्याने द्यायची. म्हणजे करार मोडला तरी जागा कंपनीकडे राहते. अर्थात तेही रामबाण नाही. उत्तर भारतातल्या भागीदाराशी वाद झाला तेव्हा २०१७ मध्ये कंपनीने १६९ रेस्टॉरंटांचा करार रद्द केला आणि प्रकरण मिटायला २०१९ उजाडलं. त्यांना एवढं झुंजता येतं. मला उंबरगावच्या एका गाळ्यासाठी वकील परवडला नसता.

आणि ती युक्ती आमच्याकडे तशीच चालतही नाही. तलासरी-डहाणूच्या बऱ्याच जमिनींवर भाडेपट्टाच परवानगीशिवाय घेता येत नाही, तर पोटभाडं कुठलं? त्यामुळे आता जागा आधी आणि पैसा नंतर. पाच वर्षांहून मोठा, नोंदणी केलेला भाडेकरार माझ्या नावावर होत असेल तरच फ्रँचायझीचं बोलणं. फी घेत नाही. रॉयल्टी पहिलं वर्ष नाही, नंतर ३ टक्के. विक्री अंदाजापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी धरूनही समोरच्याचे पैसे कराराच्या मुदतीत सुटत नसतील तर मी नाही म्हणतो. सुटतात असं दिसलं की मला दुसरा प्रश्न छळतो: मग ही शाखा मीच का काढू नये? त्याचं उत्तर बहुतेकदा अंतरात असतं. झरीहून तासाभरात पोचता येत असेल तर कर्ज काढूनही स्वतःची. त्यापलीकडे रोजचा गल्ला बघणं माझ्याच्याने होत नाही, तिथे दुसऱ्याचा हात लागतो.

गेल्या महिन्यात वापीहून एक जण ४० लाख घेऊन आला होता. जागा चांगली, माणूसही चांगला. गाळ्याचा मालक मात्र तीन वर्षांपुढे कागद करायला तयार नाही. मी त्याला हिशेबाचा कागद दिला आणि पैसे परत न्यायला सांगितले. तो जरा रागावूनच गेला.