चार स्पेसर आणि एक मेल

कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शनाला जो माणूस उभा राहतो, त्याची मला नेहमी दया येते. तो कागद उघडतो तेव्हा मागच्या रांगा चपला शोधत असतात. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, हॉल देणारे, मंडपवाले, माइकवाले, ज्ञात-अज्ञात सर्व. नाव एकाचंही सुटत नाही आणि ऐकत कुणीच नाही. मात्र एकदा आमच्या सोसायटीच्या गणपतीत आभार मानणाऱ्या काकांनी सांगितलं, की आरतीच्या वेळी लाइट गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं स्कूटर आत आणून हेडलाइट मूर्तीवर धरला होता. चपला शोधणारे थांबले, वळून त्या मुलाकडे बघू लागले.

मला त्या काकांची आठवण झाली ती एका मेलमुळे.

मी चाकणजवळच्या एका कारखान्यात डिझाइनला आहे. गाड्यांसाठी लहानसहान असेंब्ल्या बनवतो आम्ही. दरवर्षी सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी इंजिनिअरिंगची मुलं येतात आणि त्यांच्या मुलाखती घ्यायला क्वालिटीचे एक सहकारी आणि मी बसतो. त्या बुधवारी सात जण होते, जागा दोन. दुपारी जेवणानंतरचे उमेदवार आणि आधीचे उमेदवार संध्याकाळपर्यंत एकमेकांत मिसळून जातात, हे कबूल केलेलं बरं. प्रोजेक्ट इलेक्ट्रिक सायकलचा कुणाचा आणि सोलर ड्रायरचा कुणाचा, ते कागदावर बघावं लागतं.

सांगलीकडची एक मुलगी होती, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. तिला मी माझा नेहमीचा प्रश्न घातला. एका खाचेत चार स्पेसर एकापुढे एक बसवायचे आहेत. प्रत्येकाची लांबी १० मिलिमीटर, टॉलरन्स अधिक-उणे ०.१. खाच कमीत कमी ४०.३ मिलिमीटर येते. बसतील का?

तिनं क्षणभर आकडे जुळवले आणि म्हणाली, "नाही मॅडम. चारही मोठे आले तर ४०.४ होतील." बरोबर. मग काय कराल? "टॉलरन्स निम्मा करू." इथं बहुतेक मुलं याच खड्ड्यात पडतात. मी विचारलं, निम्मा टॉलरन्स आज टर्निंगवर निघणाऱ्या तुकड्याला ग्राइंडिंगला घेऊन गेला, तर पैसे कोण देणार? ती गप्प झाली. मग मीच सांगितलं, की चारही तुकडे एकाच वेळी टोकाला जाणं फार दुर्मीळ असतं. त्यामुळे सरळ बेरीज न करता प्रत्येक टॉलरन्सचा वर्ग घ्यायचा, ते वर्ग मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. ०.१ चा वर्ग ०.०१, असे चार म्हणजे ०.०४, त्याचं वर्गमूळ ०.२. गठ्ठा ४०.२ च्या वर क्वचितच जाईल, खाच ४०.३ ची, म्हणजे ड्रॉइंगला हात न लावता काम भागलं. तिनं मान डोलावली, वेळ संपली, पुढचा मुलगा आत आला.

गुरुवारी सकाळी कंपनीची बस तळेगाव चौकात अडकली होती आणि मी फोनवर मेल बघत होते. मुलाखतीनंतरचे तीन आभाराचे मेल आले होते. एक तर बुधवारीच आला होता, मुलगा खोलीबाहेर पडल्यावर चार मिनिटांत. चार मिनिटांत आलेला मेल आदल्या रात्री लिहिलेला असतो, हे वाचणाऱ्याला कळतं. आपल्या बहुमोल वेळेबद्दल आभार, आपल्या प्रतिष्ठित संस्थेत शिकण्याची उत्सुकता, सकारात्मक उत्तराची अपेक्षा. त्यात आमच्या खोलीतलं काहीच नव्हतं. तो मेल शेजारच्या कारखान्याला पाठवला असता तरी चालला असता, आणि बहुधा पाठवलाही असेल. मी त्याला हसण्याच्या लायकीची नाही. २००१ साली सायबर कॅफेत बसून मी एकच मजकूर तीन कंपन्यांना पाठवला होता आणि तिसरीत दुसरीचं नाव बदलायचं राहिलं होतं.

दुसरा मेल उलट्या टोकाचा. मुलाखतीत झालेला एकूण एक विषय क्रमानं, मीटिंगचं इतिवृत्त लिहावं तसा. शेवटी चुकलेल्या तीन उत्तरांची दुरुस्ती आणि त्या दिवशी डोकं का दुखत होतं याचा खुलासा. मी अर्ध्यावर सोडला.

तिसरा त्या मुलीचा. तिच्याकडे आमचे पत्ते नव्हते, उमेदवारांना ते आम्ही देत नाही. म्हणून मुलाखतीची वेळ कळवणारा एचआरचा जो मेल होता, त्यालाच तिनं उत्तर दिलं होतं आणि दोघा मुलाखतकारांपर्यंत पोहोचवावं अशी एका ओळीची विनंती केली होती. विषयाची ओळ तीच राहिल्यामुळे कोण, कुठली, कशाबद्दल हे उघडायच्या आधीच कळत होतं. ही साधी युक्ती. पत्ता शोधून काढून थेट मेल पाठवणाऱ्यांपेक्षा मला ती जास्त आवडते. आमचे सहकारी, पत्ता कुठून मिळाला, या शंकेतच अडकतात.

मजकूर इंग्रजीत होता, आशय असा: काल वेळ दिल्याबद्दल आभार. चार स्पेसरच्या प्रश्नात मी गप्प झाले होते. वर्गमुळाची रीत रात्री पुन्हा करून पाहिली. ती चारही तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच लागू पडते, असं मला वाटतं. पण चारही स्पेसर एकाच मशिनवर, एकाच टूलनं, पाठोपाठ निघाले असतील आणि टूल झिजल्यामुळे प्रत्येक तुकडा ०.०६ नं मोठा येत असेल, तर चौघांचे ०.२४ सरळ मिळवावे लागतील. उरलेल्या ०.०४ च्या चढउताराला वर्गमूळ लावलं तर ०.०८ येतात. एकूण ०.३२. म्हणजे प्रत्येक तुकडा तपासणीत पास होईल आणि तरीही गठ्ठा ४०.३२ पर्यंत जाऊन खाचेत अडकू शकेल. असं प्रत्यक्ष होतं का, हे शॉप फ्लोअरवर बघायला मला आवडेल. खाली नाव, कॉलेज, फोन नंबर.

बस. फोनचा स्क्रीन एकदाही वर सरकवावा लागला नाही. निकाल कधी लागेल, हा प्रश्न नाही. "माझा नक्की विचार करावा" नाही. मी मनातल्या मनात गणित पडताळलं. बरोबर होतं. मुलाखतीत मी घाईत वर्गमूळ सांगून मोकळी झाले होते आणि त्याच्या पोटातली अट सांगायची राहिली होती. ती अट तिनं एका रात्रीत शोधून काढली आणि 'तुमची चूक झाली' असं कुठंही न म्हणता माझ्यापुढे ठेवली.

अकराच्या सुमारास मी खाली जाऊन आमच्या जुन्या टर्निंग ऑपरेटरला विचारलं, टूल बदलायला आलं की पीस कसे येतात? मशिनवरची नजर न काढता तो म्हणाला, "सगळे प्लसला जातात ना मॅडम. म्हणून तर मी ऑफसेट मारत बसतो." त्याला वर्गमुळाशी काही देणंघेणं नव्हतं.

आभाराचा मेल एका दिवसाच्या आत का पाठवावा, याचं उत्तर मला त्या सकाळी मिळालं. उमेदवारांच्या गुणांचा तक्ता एचआरला दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत द्यायचा असतो. त्याआधी मेल आला तरच तो चर्चेत येऊ शकतो. शुक्रवारी आला असता, तर मला तो प्रश्न आठवला असता, पण गप्प झालेला चेहरा कोणाचा ते आठवलं नसतं. दुसऱ्या बाजूनं, मुलाखत संपून जिना उतरता उतरता तो लिहिता आला नसता, कारण त्यात लिहायला काही नसतंच. मधली ती एक रात्र हवी, वही काढून बसण्यापुरती. कॉलेजच्या आवारात होणाऱ्या निवडीत हा हिशेब लागू पडत नाही. तिथं दिवसभरात चाळीस जण बघून संध्याकाळी यादी भिंतीवर लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आलेला मेल लग्न लागून गेल्यावर आलेल्या अक्षतांसारखा.

आणि मेलमध्ये मुद्दा एकच का? आम्ही बोललो त्यात तिचा प्रोजेक्ट होता, डिप्लोमाचं ट्रेनिंग होतं, सांगलीहून येऊन इथं राहणार कुठं हेही होतं. यातलं कुठलंही तिला उचलता आलं असतं. तिनं नेमकं तेच उचललं, जे अर्धवट राहिलं होतं. ज्यात ती चमकली असा मुद्दा घेतला असता तर ती फुशारकी झाली असती, आणि माझ्या हुशारीचं कौतुक केलं असतं तर मस्का. आपल्याकडे घरात आभार मानले की समोरचा "आता परकं केलंस" म्हणतो, आणि खरंच नुसता 'धन्यवाद' हा शब्द मराठीत थोडा दारातच उभा राहतो. तिच्या मेलमध्ये आभार एकाच वाक्यात उरकले होते. मला ते पोहोचले पुढच्या गणितातून, आपलं बोलणं कुणीतरी घरी घेऊन गेलं होतं म्हणून.

आता निकालाचं. माझा तक्ता मी बुधवारी संध्याकाळीच भरून पाठवला होता, कारण गुरुवारी मला ऑडिट होतं. तिघं जवळजवळ सारख्या गुणांवर होती. स्पेसरच्या प्रश्नाला मी तिला पाचपैकी दोन दिले होते. मेल वाचल्यावर मी एचआरला फोन केला आणि तो आकडा बदलता येईल का, विचारलं. पलीकडची मुलगी सभ्यपणे म्हणाली, की मुलाखतीनंतर आलेल्या मजकुरावर गुण दिले तर मेल न पाठवणाऱ्या बाकीच्या चौघांवर अन्याय होईल. तिचंही खोटं नव्हतं. मला वाद घालता आला नाही. दोन जागा इतर दोघांना गेल्या, आणि ती दोघंही चांगलीच होती.

इंटर्न आले तेव्हा त्यांना पहिलं काम मी तेच दिलं, एका टूलच्या पूर्ण आयुष्यात निघालेल्या स्पेसरच्या लांब्या क्रमानं मोजून आलेख काढायचं. तिचं नाव घेतलं नाही, पण प्रश्न तिचा होता हे सांगितलं.

तिला मी उत्तर लिहिलं. गणित बरोबर आहे, अट सांगायची माझ्याकडून राहिली, आणि हो, प्रत्यक्षात असं होतं, आमचा ऑपरेटर त्यासाठी ऑफसेट देतो, हेही कळवलं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, असं लिहिलं. तिचा मेल मुलाखतीनंतर एकवीस तासांत आला होता. माझं उत्तर जायला नऊ दिवस लागले.