या हं परत

दुपारीच अंधारून आलं होतं, तेव्हा मेल आली. दुसऱ्या मुलाखतीला अकरा दिवस झाले होते. 'तुमचा अनुभव प्रभावी वाटला. या वेळी दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. तुमचा बायोडेटा जपून ठेवू.' चार वेळा वाचली. दर वेळी 'जपून'पाशी थांबले.

आजी पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला जायची. 'या हं परत' सगळ्यांनाच म्हणायची. पण ज्याने खरंच यावं असं वाटे, त्याला म्हणायची, 'रविवारी या, शेंगा उकडते.'

मेलमध्ये मी तो रविवार शोधत राहिले. गोदामातल्या साठ्याच्या नोंदींवर मी अर्धा तास बोलले होते, त्याचा उल्लेख नव्हता. खाली कुणाचं नाव नाही, नुसतं 'मनुष्यबळ विभाग'. पाठवणाऱ्याचा पत्ता noreply ने सुरू होणारा. माझं नाव काढलं, तर तो मजकूर कुणालाही चालला असता.

मार्चमध्येही नकारच आला होता. पण तो व्यवस्थापकाने स्वतः लिहिला होता: 'तुमची साठामोजणीची पद्धत आवडली. आम्हाला सॅप येणारा माणूस लगेच हवा होता. जूनमध्ये एक जागा निघेल, तेव्हा जरूर लिहा.' जूनमध्ये लिहिलं. त्याच दिवशी उत्तर आलं, जागा मंजूर झाली नव्हती. बोलावणं खरं होतं, तरी शेंगा मिळाल्या नाहीत. हे दोन्ही एकत्र मनात ठेवणं अजून जड जातं.

आजच्या मेलला उत्तर लिहिलं नाही. मार्चमधल्या त्या गृहस्थांना सप्टेंबरात पुन्हा लिहिणार आहे.