आज्जीच्या फोटोखाली काय लिहावे?



आमच्या आज्जीला ऐंशी वर्षे पूर्ण झाली, असे तिचा दाखला म्हणतो. दाखल्यावर १ जून ही तारीख आहे. त्या काळी शाळेत नाव घालताना मुलाची जन्मतारीख ठाऊक नसली, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. आपल्या बहुतेक घरांत अशी एक-दोन माणसे निघतील. आज्जीला विचारले तर ती म्हणते, "मला काय ठावं? बिंदू चौकात पुतळं बसलं तवा मी बाच्या खांद्यावर बसल्यालो."

वाढदिवसाला तिचा फोटो छापायचा आणि त्याखाली चार ओळी टाकायच्या, असे घरात ठरले. लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. धाकट्या भावाने आधीच एक मजकूर करून ठेवला होता : "मायेची सावली, कष्टाची मूर्ती, आमच्या लाडक्या आज्जीस ऐंशीव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." त्याखाली शुभेच्छुक म्हणून सतरा नावे. मी त्याला म्हटले, "शेजारच्या काकूंचा फोटो वर लाव आणि पुन्हा वाच." त्याने वाचले. मजकूर काकूंनाही तंतोतंत बसला. मग यात आपली आज्जी कुठे आहे?

रात्री जेवणे झाल्यावर तिच्याजवळ बसले. "आज्जी, तुझ्या आयुष्यातले काही सांग," म्हटले, तर "काय सांगू? भांगलण केली, पोरं वाढवली," एवढ्यावर ती थांबली. तेव्हा मी प्रश्न बदलला. "खांद्यावर बसली होतीस, तेव्हा हात कुठे होते तुझे?" आज्जी हसली. "बाचा पटका धरल्याला दोनी हातांनी. त्यो सुटाय लागला, तर बा वराडला." आणि मग अर्धा तास ती बोलत राहिली. मी वहीत तिच्याच शब्दांत उतरवून घेतले.

तो दिवस ९ डिसेंबर १९५० चा. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे त्या दिवशी बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. आज्जीचे वडील तिला घेऊन गावाहून चालत आले होते.

मी ऐटीत लिहिले : "बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण जिने डोळ्यांनी पाहिले, ती आमची आज्जी." लिहिले ते तिला वाचून दाखवले. ती गप्प झाली. मग म्हणाली, "खोटं लिवू नगं बाई. मला कुठं काय दिसलं? म्होरं नुस्तं पटकंच पटकं. बा म्हणला, बघ बघ. मी म्हटलं, बघितलं. त्येला वाईट वाटंल म्हणून."

मला लाज वाटली. तिचे मोठेपण दाखवण्याच्या नादात मी तिची गोष्टच पुसून टाकली होती. पुतळा पाहणारे त्या दिवशी पुष्कळ असतील. पण न दिसताही बापासाठी "बघितलं" म्हणणारी ती पोर आमच्या घरातली होती. वाचून दाखवले नसते, तर ते खोटे तिच्या नावावर छापून गेले असते.

त्याच रात्री तिने आणखी एक गोष्ट सांगितली, मळ्यात वरून ओंजळीत पाणी ओतून देत त्याची. ती मी लिहू लागले तर तिने वही मिटली. "ही तुमास्नी ठावं असू दे. वाढदिवसाला नगं." ती गोष्ट घरातच राहिली.

शेवटी फोटोखाली हे छापले :

"बिंदू चौकात पुतळे बसले, तेव्हा ती बाच्या खांद्यावर होती. समोर नुसते पटकेच पटके. बा म्हणाला, बघ. ती म्हणाली, बघितलं. आज्जी, पुढचं सांग. आम्ही ऐकतोय. – तुझी नातवंडे."

वय कुठेच लिहिले नाही. सतरा नावांच्या जागी दोन शब्द आले, म्हणून गोष्टीला जागा झाली. भाऊ थोडा रुसला, पण ज्याला वर्षे मोजायची तो १९५० पासून मोजून घेईल.

अंक आला तेव्हा मी तिला मजकूर पुन्हा वाचून दाखवला. ती फोटोवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "पटका सुटाय लागल्याला, ते ऱ्हायलंच की गं!"

ते पुढच्या वर्षी. तोवर वही तिच्या उशाशीच ठेवली आहे.