महूचा फौजी आणि सागवानी टेबल

इंदूरला येऊन मला नऊ वर्षं झाली. साताऱ्याहून सामान आणलं तेव्हा वडिलांनी करून घेतलेलं सागवानी जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्याही ट्रकमधून आल्या. मागच्या हिवाळ्यात आम्ही विजयनगरमधलं मोठं घर सोडून सुदामानगरात दोन खोल्यांच्या घरात गेलो. नव्या घरात टेबल मावेना. जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर मी त्याचे चार फोटो टाकले, किंमत लिहिली १८ हजार, आणि खाली माझं नाव-आडनाव.

दहा-बारा मिनिटांत फोन आला. आडनाव वाचूनच केला असणार, कारण पहिलंच वाक्य मराठीत होतं. "नमस्कार दादा, मी सोलापूरचा. सध्या महूला पोस्टिंग आहे, इन्फंट्री स्कूलला."

परगावी राहणाऱ्या माणसाला हे वाक्य कसं लागतं, ते परगावी राहिल्याशिवाय कळायचं नाही. इंदूरमध्ये मराठी काही नवी नाही. होळकरांचा राजवाडा इथे आहे, एसटी स्टँडला सरवटे बसस्टँड म्हणतात, गल्लीगल्लीत तीन-चार पिढ्यांची मराठी घरं आहेत. पण त्या घरांच्या बोलीत माळव्याची हिंदी मुरली आहे. सोलापुरी हेल असलेली मराठी कानावर पडली की आपण एकदम घरातल्यासारखे बोलायला लागतो. शिवाय महू इथून जेमतेम २५ किलोमीटर. बाबासाहेबांचं जन्मगाव, मोठी छावणी, रस्त्यात रोज फौजी दिसतात. त्यामुळे हा माणूस खोटा असेल, असं मनातही आलं नाही.

त्याने किंमत कमी करायला सांगितलं नाही. टेबलाची लांबी-रुंदी विचारली नाही, पाय हलतात का, लाकडाला कीड आहे का, काहीच नाही. "फोटो आवडला, मिसेसला हेच हवंय. उद्या युनिटची गाडी पाठवतो." लगेच व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो, फौजेचं ओळखपत्र आणि कँटीनचं कार्ड आलं. आज मला वाटतं, खरा धोका त्या ओळखपत्रात नव्हता. घासाघीस न करता, वस्तू न बघता पूर्ण किंमत कबूल करणारा माणूस, हाच धोका होता. जुनं लाकूड घेणारा माणूस आधी टेबलाखाली वाकून बघतो.

मग पैशांचं बोलणं निघालं. "आमचे पैसे युनिटच्या खात्यातून येतात दादा, त्यामुळे तुम्हाला एकदा स्कॅन करून खातं जोडावं लागेल. आधी एक रुपयाचं करून बघू." व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड आला. मी पत्नीच्या फोनवर तो उघडला, माझ्या फोनने स्कॅन केला, पिन टाकला. एक रुपया गेला आणि अर्ध्या मिनिटात दोन रुपये परत आले. सगळा डाव या दोन रुपयांत होता. स्कॅन केलं की पैसे येतात, हे माझ्या डोळ्यांनी बघितलं असं मला वाटलं. प्रत्यक्षात दोन वेगळे व्यवहार झाले होते: मी त्याला एक रुपया दिला, आणि त्याने आपणहून मला दोन पाठवले.

दुसरा कोड नऊ हजारांचा होता, "निम्मा ॲडव्हान्स". स्कॅन, पिन, आणि नऊ हजार गेले. "अरे, सर्व्हरचा प्रॉब्लेम झाला. हा कोड स्कॅन करा, १८ हजार एकदम परत येतील." तिसऱ्या कोडपाशी माझा हात थांबला, कारण पत्नी मागून म्हणाली, "अहो, आपण विकतोय की विकत घेतोय?"

नंतर पुण्याच्या भाच्याने तो नऊ हजारांचा कोड साध्या स्कॅनरने उघडून आत काय लिहिलंय ते मला दाखवलं. पत्ता बदलून सांगायचं तर असं:

```
upi://pay?pa=xyz@bank&pn=Army&am=9000&cu=INR
```

यातला pay हा शब्द बघा. pa म्हणजे पैसे ज्याला जायचे त्याचा पत्ता, am म्हणजे रक्कम, आणि pn म्हणजे नाव. कोड बनवणारा नावाच्या जागी वाटेल ते लिहू शकतो. क्यूआर कोड हा पैसे घेणाऱ्याचा पत्ता असतो. जो स्कॅन करतो तो पैसे देतो, याला अपवाद नाही. पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही आणि पिनही लागत नाही. व्यवहार करताना पिन टाकायची पाटी समोर आली, म्हणजे पैसे आपल्याच खात्यातून जाणार. पिनच्या आधी ॲप पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवतं. मी ते वाचलं असतं तर तिथे सोलापूरच्या फौजीचं नाव दिसलं नसतं.

पूर्वी हीच फसवणूक कोडशिवाय व्हायची. यूपीआयमध्ये समोरच्याकडे पैसे मागायची सोय होती. भामटा विनंती पाठवायचा, आपण ती "पैसे आले" समजून मंजूर करायचो. राष्ट्रीय भुगतान निगमने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही मागणी बंद केली. दुकानदारांसाठी ती अजून आहे. एक दार बंद झालं, आता सगळा जोर क्यूआर कोडवर आणि खोट्या मेसेजवर आहे.

खोट्या मेसेजचं थोडक्यात सांगतो, कारण आमच्या मजल्यावरच्या काकूंचा फ्रिज विकताना हे घडलं. घेणाऱ्याने "चुकून हजाराऐवजी दहा हजार गेले, वरचे नऊ परत करा" असं सांगितलं. काकूंच्या फोनवर बँकेसारखा मेसेजही होता, पण तो साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला. बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावाने येतो. काकूंनी आधी बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघितली. एक पैसाही आला नव्हता. काही जण तर समोर उभे राहून हिरवी बरोबरची खूण आणि "पेमेंट झालं" असं दाखवणारं नकली ॲप उघडतात. म्हणून त्यांच्या फोनचा पडदा, त्यांनी पाठवलेला स्क्रीनशॉट आणि आपल्याकडे आलेला मेसेज, या तिन्हींवर विसंबू नका. आपल्या बँकेच्या ॲपमधली शिल्लक वाढली, तरच पैसे आले.

माझे नऊ हजार गेल्यावर मी १५ मिनिटांत 1930 हा नंबर लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, cybercrime.gov.in वरही तक्रार करता येते. त्यांनी मला चारच गोष्टी विचारल्या: माझी बँक, किती वाजता गेले, किती गेले, आणि यूपीआयच्या व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक. हा क्रमांक ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. मी तो हातात घेऊनच फोन केला होता, म्हणून पाच मिनिटांत काम झालं. ही तक्रार पैसे जिथे पोचले त्या बँकेपर्यंत जाते आणि खात्यात उरलेली रक्कम अडकवली जाते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हलवत असतो, म्हणून इथे तासांपेक्षा मिनिटं मोलाची. माझे सहा हजार अडकले, तीन हजार आधीच पुढे गेले होते. ते सहा हजार परत हाती यायला चार महिने लागले.

टेबल मग दुसऱ्या वाटेने विकलं. जुन्या टाउनशिपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. पलासियाचं एक कुटुंब रविवारी सकाळी आलं. बाईंनी टेप लावून मापं घेतली, एका खुर्चीची वीण सैल आहे ते दाखवलं, आणि १५ हजारांवर सौदा झाला. त्यांनी माझा कोड त्यांच्या फोनने स्कॅन केला, मी बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघितली, मगच लोडिंग रिक्षात टेबल चढवलं. फर्निचरला माझ्या मते हाच मार्ग बरा. ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेससारखी जागा गिऱ्हाइकाची गाठ घालून देते, पण सौदा आपल्यालाच समोरासमोर करावा लागतो. आपण विकत घेत असलो तरीही तेच: वस्तू हाताला लागेपर्यंत "गाडीभाडं आधी पाठवा" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

फोनचं गणित वेगळं आहे. जुना फोन विकायचा तर कॅशिफायसारखी कंपनी घरी माणूस पाठवते, फोन तपासते आणि पैसे देऊन फोन नेते. भाव उघड्या बाजारापेक्षा कमी मिळतो, पण अनोळखी माणसाशी व्यवहार टळतो, आणि मला ती किंमत योग्य वाटते. फक्त फोन देण्याआधी आपलं गूगल किंवा ॲपलचं खातं काढून टाका आणि मगच फोन रिसेट करा. उलट क्रमाने केलं तर फोन जुनं खातं मागत अडकून बसतो.

जुना फोन घेताना मात्र दहा मिनिटं द्या. भंवरकुआँला स्पर्धा परीक्षांचे हजारो विद्यार्थी राहतात, तिथे आणि जेल रोडला जुन्या फोनची उलाढाल मोठी. भाच्यासाठी मी तिथे एक फोन बघायला गेलो. मुलगा सभ्य होता, फोन चकाचक. मी त्याच्या फोनवर *#06# दाबलं, १५ आकडी आयएमईआय आला, दोन सिमचा फोन म्हणून दोन आले. एक खोक्यावरच्याशी जुळला, पण बिल नव्हतं. मग माझ्या फोनवरून KYM लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक 14422 ला मेसेज केला. हीच तपासणी दूरसंचार खात्याच्या संचार साथी ॲपवरही होते. उत्तरात कंपनीचं नाव आणि मॉडेल येतं. समोरच्या फोनशी ते जुळलं पाहिजे. क्रमांक काळ्या यादीत, दुबार किंवा आधीच वापरात असल्याचं आलं, तर फोन चोरीचा असू शकतो किंवा आयएमईआय बदललेला. माझ्या उत्तरात भलत्याच कंपनीचं मॉडेल आलं. मी फोन मुलाच्या हातात परत दिला आणि रिक्षा धरली.

इंदुरातल्या आणि परगावच्या सगळ्या मराठी घरांना एवढंच सांगणं आहे: फोनवर कोणी मराठीत "दादा" म्हणालं, तर त्याला टेबल बघायला घरी बोलवा आणि चहा पाजा. येणारा येईल, नाही तो फोन ठेवेल. आणि आज, हे वाचून झाल्यावर, 1930 हा नंबर आईवडिलांच्या फोनमध्ये साठवून ठेवा.