पाण्याचे वजन

अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलमध्ये तो २००७च्या ऑगस्टमध्ये हिशेबनीस म्हणून लागला आणि २०२४च्या सप्टेंबरमध्ये त्याला कमी करण्यात आले. गादीवर नवी पिढी आली होती. हिशेबाचे काम बाहेरच्या कार्यालयाकडे सोपवायचे ठरले होते. भांडण झाले नाही. ग्रॅच्युइटी नियमाप्रमाणे, सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराने, हाती पडली. वय चव्वेचाळीस, मुलगी बारावीत आणि घराचा हप्ता चालू.

त्याने चाळीस ठिकाणी आपला परिचय पाठवला. एका पानाचा तो मजकूर असा होता: हिशेब लिहिणे, बँकेची कामे पाहणे, जीएसटी विवरणपत्रे भरणे, स्टॉक स्टेटमेंट देणे, स्वभाव प्रामाणिक व मेहनती. दोन ठिकाणांहून पोच आली, बाकी ठिकाणांहून तीही नाही.

दिवाळीनंतर तो अमरावतीला ताईकडे गेला. ताई सासऱ्यांच्या मागे किराण्याची घाऊक पेढी चालवते. तिने तो कागद वाचला आणि विचारले, "हे तुझ्याबद्दल आहे, की अकोल्यातल्या कोणत्याही मुनीमाबद्दल?"

"ताई, मी दुसरं केलंच काय? आलेलं लिहीत गेलो."

"तू लागलास तेव्हा काय होतं आणि निघालास तेव्हा काय होतं, एवढंच सांग. वर्षवार सांग."

वर्षवार सांगायला त्याला जमेना. सतरा वर्षे एकमेकांत मिसळून गेली होती. मिलच्या वह्या मिलच्या होत्या. त्या मागण्याचा प्रश्नच नव्हता. पण भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकातून रुजू झाल्याचा महिना आणि पगारवाढीची वर्षे निघाली, आणि अकोल्याच्या घरातील माळ्यावरून खिशातल्या डायऱ्यांचा गठ्ठा निघाला. दरवर्षी आडते वाटतात तशा त्या डायऱ्या. त्यांत बहुतेक फोन नंबर आणि उधाऱ्या होत्या. मात्र २०१४च्या डायरीत जानेवारीच्या एका पानावर लिहिले होते: "आला १००, सुकून ९६॥. साडेतीन कुठे?"

त्या एका ओळीवरून त्याला सारा हंगाम आठवला. नवी तूर डिसेंबर-जानेवारीत येते तेव्हा ती ओलसर असते. मुकादम म्हणायचा, माल हाताला गार लागतो. खरेदीच्या वेळी वजन पूर्ण धरले जाई आणि गिरणीवर घट दिसली की मिस्त्रीला बोल लागे. याने वेगळी वही घातली. प्रत्येक लॉट कोणत्या दिवशी आला, ओलावा किती, सुकल्यावर वजन किती, डाळ किती, चुनी किती. मग गणित उघड झाले. शंभर क्विंटल तुरीत १५ टक्के ओलावा असेल तर कोरडा भाग ८५ क्विंटल. तीच तूर १२ टक्क्यांवर आली की वजन ८५ भागिले ०.८८, म्हणजे ९६ क्विंटल ५९ किलो. सुमारे ३ क्विंटल ४० किलो नुसते पाणी तुरीच्या भावाने विकत घेतले जात होते. भाव ५,००० रुपये धरला तर दर शंभर क्विंटलमागे १७,००० रुपये. मिस्त्रीचा त्यात काही दोष नव्हता.

त्यानंतर शेठजींनी ओलावा मोजण्याचे यंत्र आणले. माल देणाऱ्यासमोर मोजायचे, १२च्या वरचे वजन वजा करायचे आणि कोरडा माल आणणाऱ्याला भाव थोडा वाढवून द्यायचा, अशी रीत पडली. एका बाजूने कापले जाते तेव्हा दुसऱ्या बाजूने काही द्यावेही लागते; नाहीतर चांगला माल दुसऱ्या दारी जातो.

त्याने उत्साहाने लिहिले: "दरवर्षी मिलचे ३४ लाख वाचवले."

"हे कसं काढलंस?" ताईने विचारले.

"वर्षाची खरेदी वीस हजार क्विंटल. शंभराला तीन-चाळीसप्रमाणे ६८० क्विंटल, पाच हजारांनी ३४ लाख."

"मार्चनंतरची तूर ओली असते का?"

तो गप्प झाला. तिने तूर तीस वर्षे विकली होती. पुन्हा डायरी उघडली. ओला माल फक्त पहिल्या सहा आठवड्यांचा, ३,००० क्विंटल. आणि सगळा काही १५ टक्क्यांचा नव्हता, कपात सरासरी शंभराला दोनच बसली होती. म्हणजे ६० क्विंटल, तीन लाख रुपये. चौतीसचे तीन झाल्यावर त्याचा चेहरा उतरला. पण चौतीसचा आकडा मुलाखतीत एका प्रश्नात पडला असता. तीनचा पडणार नव्हता. कर्जाच्या अर्जात फुगवलेला साठा वाचून बँकेतला माणूस बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका घेऊ लागतो, त्यातलाच हा प्रकार.

आणखी एक अडचण होती. मिलचे भाव आणि माल देणाऱ्यांची नावे बाहेर सांगण्याचा त्याला अधिकार नव्हता. यंत्र शेठजींचे, शंका मुकादमाची. वही तेवढी त्याची. शेवटी वाक्य असे बसले: "तूर खरेदीत ओलाव्याची लॉटवार नोंद सुरू केली, पहिल्या हंगामात ३,००० क्विंटल ओल्या मालात सुमारे ६० क्विंटल पाण्याची जादा देणी टळली." रुपये काढून टाकले, क्विंटल ठेवले.

पुढची पाने भराभर सुटली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा नोंदणीकृत ब्रँडच्या पाकिटबंद डाळीवर ५ टक्के कर आणि सुट्या डाळीवर काही नाही, म्हणून त्याने एका रात्रीत दोन्हींचा साठा वेगळा मोजून घेतला होता. १८ जुलै २०२२ला कसोटी बदलली. ब्रँड असो वा नसो, २५ किलोपर्यंतच्या छापील लेबलच्या पाकिटावर कर लागू झाला. तेव्हा कोणत्या पोत्यावर कर लावायचा आणि कोणत्यावर नाही, हा तक्ता गोदामाच्या दारावर त्यानेच लावला होता. तो तक्ता त्याला क्षुल्लक वाटत होता. ताईला वाटला नाही. तिच्या पेढीत त्या आठवड्यात तीन बिले परत फिरली होती.

हे सारे लिहिण्याआधी त्याने थोरल्या शेठजींना फोन केला. आता ते मिलमध्ये येत नाहीत.

"लिहा, लिहा. खोटं काय आहे त्यात?" ते म्हणाले. मग थोडे थांबून, "पण नोटबंदीचं लिहिलंत का हो?"

ते त्याच्या कोणत्याही डायरीत नव्हते. २०१६च्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा हमालांची आणि डाळ निवडणाऱ्या बायांची मजुरी अडली होती. त्याने रोज दहा-बारा जणांना बँकेत नेऊन त्यांची खाती उघडून दिली होती. काहींच्या आधार कार्डावरचे नाव आणि घरचे नाव जुळत नव्हते, त्यांच्यासाठी तो दोनदा-तीनदा गेला होता.

"तिसऱ्या आठवड्यापासून आपल्याकडे एकाचीही मजुरी थकली नाही," शेठजी म्हणाले. "तेव्हा तुम्हाला बोलायचं राहून गेलं."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. ताईनेच पेन पुढे केला.

जानेवारीत अमरावतीच्या एका जिनिंग कारखान्यातून बोलावणे आले. मालकाने कागदावर बोट ठेवून तुरीचे वाक्य दोनदा वाचले.

"कापसाचा ओलावा किती धरता?"

"पाया ८ टक्के. त्यावर कपात. १२च्या पुढचा माल कापूस महामंडळही घेत नाही."

"आमच्याकडे मापच नाही ठेवलेलं," मालक म्हणाला आणि त्याने खरेदीची वही मागवली.