पहाटेचं 'पहात' झालं तेव्हा

आम्ही फुलसावंगीतल्या काही जणांनी वाचनगटासाठी हँडल काढायचं ठरवलं. नाव ठरलं 'निळी पहाट'. रोमनमध्ये nilipahat लिहिलं आणि खूश झालो. पण बाहेरगावच्या मित्रांनी ते मराठीत लिहून पाठवलं ते असं : 'नीली पहात'. निळ्याचं हिंदी नीली झालं आणि पहाट नुसती 'पहात' उभी राहिली!

यात चूक मित्रांची नव्हती. रोमनमधला l हा ल आणि ळ या दोघांचंही काम करतो. t हा त आणि ट, n हा न आणि ण. संगणकावरच्या ITRANS पद्धतीत T म्हणजे ट, L म्हणजे ळ असा मोठ्या अक्षरांचा उपाय आहे. पण हँडलमध्ये मोठं आणि लहान अक्षर एकच धरतात, शिवाय लोक सगळं लहान अक्षरांतच टाइप करतात. अक्षर दुप्पट करून, nillipahatt लिहून पाहिलं, तर वाचणारा आणखीच अडखळला.

मग आम्ही उलटा विचार केला. स्पेलिंग सुधारण्यापेक्षा शब्दच असा घ्यावा, ज्यात ट, ळ, ण नाहीत. 'समता' हा शब्द सापडला. पुढे गावाचं नाव जोडलं : samatafulsawangi. मोजली तर सोळा अक्षरं, आणि ट्विटरवर (आता एक्स) पंधराच चालतात. काहींनी samata_sawangi सुचवलं. ते बसतं, पण सावंगी नावाची गावं विदर्भात कितीतरी आहेत. आमचं फुलसावंगी त्यात हरवलं असतं.

म्हणून एक a काढला : samtafulsawangi. बरोबर पंधरा. आता प्रश्न असा, की a गेल्यावर समता वाचता येईल का? मराठी माणूस 'समता' बोलताना मधला अ उच्चारतच नाही, म्हणून त्याला samta पाहून समताच आठवते. मात्र निव्वळ नियमाने चालणारं लिप्यंतर इथे 'सम्ता' आणि 'फुल्सावंगी' अशी जोडाक्षरं करतं. fula लिहून ते टाळावं, तर वाचणारा 'फुला' म्हणतो, कारण अ आणि आ दोघांनाही a एकच. ही अडचण पूर्ण सुटत नाही. माणसाचं वाचन आम्ही महत्त्वाचं मानलं, आणि हँडलच्या वर दिसणाऱ्या नावात 'समता फुलसावंगी' देवनागरीतच लिहिलं. तिथे देवनागरी चालते.

शेवटी परीक्षा घेतली. नाव न सांगता, अर्थ न सांगता, तिघांना फक्त रोमन अक्षरं पाठवली आणि म्हटलं, मराठीत लिहून द्या. दोघांनी नेमकं लिहिलं. तिसऱ्याने 'फुलसवंगी' लिहिलं. तो आमच्या भागातला नव्हता. गाव माहीत असलेल्याला a म्हणजे आ हे आपोआप कळतं, परक्याला नाही. तेवढी चूक आम्ही स्वीकारली, कारण त्यात समता शाबूत राहिली आणि गावही ओळखू आलं.

आपलं नाव आपण ठेवायचं, तर ते दुसऱ्याच्या हातून परत येतानाही आपलंच राहिलं पाहिजे. म्हणून हँडल नोंदवण्याआधी ते परक्याच्या हातून एकदा मराठीत लिहून घ्या. नंतर बदललं, तर जुन्या नावाने शोधणारे वाटेतच राहतात.